यूट्यूबची सर्च हिस्टरी आणि वॉच हिस्टरी: कुठे साठते, पुसल्यावर काय बदलतं आणि काय बदलत नाही

यूट्यूबच्या हिस्टरीबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न असा: "सगळं पुसलं, तरी तेच का दाखवतंय?" खालचे बरेचसे प्रश्न या एकातूनच निघाले आहेत. उत्तरं देताना यूट्यूबपुरतंच बोललो आहे. एकच जागा नीट समजून घेतली की बाकीच्या ठिकाणी काय शोधायचं ते कळतं.

माझी हिस्टरी नक्की कुठे असते? फोनमध्ये की त्यांच्याकडे?

तुम्ही लॉगिन केलेलं असेल तर ती खात्यात असते, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवर. म्हणूनच फोनवर बघितलेला व्हिडिओ संध्याकाळी टीव्हीवर तिथूनच पुढे सुरू होतो. ही नोंद बघायची असेल तर ब्राउझरमध्ये myactivity.google.com उघडा आणि तिथे यूट्यूबचा भाग निवडा. अ‍ॅपमध्ये Settings मधल्या Manage all history वरूनही तिथेच पोचता.

लॉगिन केलेलं नसेल तर नोंद खात्याला जोडली जात नाही, त्या ब्राउझरला किंवा उपकरणाला जोडली जाते. त्यासाठी VISITOR_INFO1_LIVE नावाची कुकी वापरली जाते आणि ती 6 महिने टिकते. त्यामुळे "मी तर लॉगिनच करत नाही, मग याला माझी आवड कशी कळते?" याचं उत्तर त्या कुकीत आहे. ती पुसली की तुम्ही त्याच्या दृष्टीने नवे पाहुणे.

ब्राउझरची स्वतःची हिस्टरी ही तिसरी गोष्ट. क्रोम ती तुमच्या संगणकावर History नावाच्या एका डेटाबेस फाइलमध्ये ठेवतो आणि साधारण 90 दिवसांपर्यंतची भेट दिलेली पानं तिथे दिसतात. ही हिस्टरी पुसल्याने अ‍ॅड्रेस बारमधल्या सूचना बदलतात. यूट्यूबच्या खात्यातली नोंद मात्र जशीच्या तशी राहते. पहिली आणि सगळ्यात मोठी गल्लत इथेच होते: लोक ब्राउझरची हिस्टरी साफ करतात आणि यूट्यूबचं होमपेज बदलण्याची वाट बघत बसतात.

एका नोंदीत काय काय लिहिलेलं असतं?

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघण्यासारखं आहे. गूगलकडची आपली माहिती उतरवून घेण्याची टेकआउट नावाची सोय आहे; takeout.google.com वर जाऊन फक्त यूट्यूब निवडा, त्यातही फक्त हिस्टरी ठेवा आणि फाइलचा प्रकार HTML ऐवजी JSON करा. थोड्या वेळाने watch-history.json आणि search-history.json अशा दोन फाइली मिळतात. बघितलेल्या एका व्हिडिओची नोंद साधारण अशी दिसते:

```json
{
  "header": "YouTube",
  "title": "Watched (व्हिडिओचं नाव)",
  "titleUrl": "https://www.youtube.com/watch?v=...",
  "time": "2024-03-09T16:42:10.518Z",
  "products": ["YouTube"]
}
```

वेळेच्या शेवटी जो Z आहे, तो जागतिक प्रमाणवेळ दाखवतो. ती आपल्या घड्याळाशी जुळवून वाचावी लागते, नाहीतर "मी पहाटे हे कधी बघितलं?" असा प्रश्न उगाच पडतो.

या नोंदीत काय नाही हेही बघा. व्हिडिओ किती मिनिटं बघितला, कुठे सोडला, यातलं काहीच इथे लिहिलेलं नाही. पण सजेशन ठरवताना बघण्याचा कालावधी मोजला जातो. गूगलच्या अभियंत्यांनी 2016 मध्ये यूट्यूबच्या सजेशनच्या रचनेवर एक शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. व्हिडिओंचा क्रम लावताना कोणता व्हिडिओ किती वेळ बघितला जाईल याचा अंदाज बांधला जातो, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे आपल्याला दिसणारी यादी ही पूर्ण हिशेबाची फक्त वरची ओळ.

थांबवणं आणि पुसणं यात फरक काय?

फार मोठा फरक आहे. थांबवलं, म्हणजे Pause केलं, की त्या क्षणापासून नवीन नोंद होत नाही. जुनी नोंद मात्र तशीच राहते आणि तिच्यावरून सजेशन येत राहतात. पुसलं की जुनी नोंद जाते, पण पुढचा व्हिडिओ बघितलात की नवी सुरू होते. शिवाय सर्च आणि वॉच यांचे खटके वेगवेगळे आहेत. एक बंद केला म्हणून दुसरा बंद होत नाही.

माझ्या फोनवर लहान मुलांनी व्हिडिओ बघितले आणि सगळं होमपेज कार्टूनने भरलं. सगळी हिस्टरी पुसू का?

नको. इथे थोडं सविस्तर सांगतो, कारण हा प्रसंग माझ्यावरच आला होता.

भाची चार दिवस राहायला आली होती आणि मी माझाच फोन, माझ्याच खात्यासकट, तिच्या हातात दिला. चूक माझीच. ती गेल्यावर होमपेजवर कार्टून, रंगांची गाणी आणि खेळणी उघडून दाखवणारे व्हिडिओ. माझी दुर्बिणीची आणि आकाशनिरीक्षणाची चॅनेल, सायकल दुरुस्तीचे व्हिडिओ सगळे गायब. हिस्टरी उघडून मोजलं तर त्या चार दिवसांत 83 नोंदी होत्या. त्यातल्या 74 तिच्या आणि 9 माझ्या. तिच्या 74 मधल्या 11 नोंदी एकाच रात्री, एकामागून एक, चार-पाच मिनिटांच्या अंतराने. ती झोपून गेली होती आणि ऑटोप्ले चालूच राहिला होता. कोणी बघत नसलं तरी नोंद होतेच.

चारच दिवसांत इतका फरक कसा पडला? मघाच्या शोधनिबंधात याचं चांगलं स्पष्टीकरण सापडतं. त्यात वर्णन केलेल्या रचनेत तुमचे अगदी अलीकडचे व्हिडिओ घेतात, जास्तीत जास्त 50. प्रत्येक व्हिडिओ म्हणजे आकड्यांची एक ओळ. त्या सगळ्या ओळींची सरासरी काढली की तुमच्या आवडीचं एक ढोबळ चित्र तयार होतं. अलीकडचे सर्चचे शब्दही असेच, जास्तीत जास्त 50. आता माझा हिशेब लावा. चार दिवसांत 83 व्हिडिओ, म्हणजे शेवटच्या 50 मध्ये त्याआधीच्या आठवड्यातलं काहीच उरलं नव्हतं. माझ्या वाट्याला त्या 50 मध्ये जेमतेम पाच-सहा जागा. सरासरी पूर्णपणे भाचीच्या बाजूला झुकलेली. आजची यंत्रणा 2016 पेक्षा बरीच पुढे गेली आहे आणि हे आकडे आज जसेच्या तसे लागू होतात असं समजू नका. पण अलीकडचं जास्त वजनाचं, आणि थोड्या दिवसांचा पूर जुन्या वर्षांना झाकून टाकतो, हे वागणं आजही दिसतं.

मी केलं ते असं. यूट्यूबच्या हिस्टरीच्या पानावर Delete दाबलं की Delete custom range असा पर्याय येतो. तिथे ती आली त्या दिवसाची आणि गेली त्या दिवसाची तारीख दिली. निवड तारखेनेच होते, व्यक्तीने नाही, त्यामुळे माझ्या 9 नोंदीही गेल्या. ते मला चालण्यासारखं होतं. त्या तारखांमधले तिने बोलून केलेले सर्चही सोबत गेले, आणि ते जाणं गरजेचंच होतं.

चार दिवसांच्या नोंदी गेल्यावर अलीकडच्या व्हिडिओंच्या जागी आपोआप आधीच्या आठवड्यांतले व्हिडिओ आले. दुसऱ्या दिवशी होमपेज पुन्हा ओळखीचं झालं. सगळी हिस्टरी पुसली असती तर हे आधीचे आठवडेच माझ्याकडे राहिले नसते.

पण तरीही एखाद-दुसरं कार्टून दिसतच राहिलं तर?

मलाही दिसलं. पहिल्या वीस व्हिडिओंत दोन. शोधलं तेव्हा कळलं की भाचीने एका चॅनेलला सबस्क्राइब केलं होतं आणि दोन व्हिडिओंना लाइक दिलं होतं. हिस्टरी पुसल्याने सबस्क्रिप्शन जात नाही, लाइक जात नाही, प्लेलिस्ट जात नाही. हे सगळं वेगळ्या खणांत ठेवलेलं असतं आणि सजेशन ठरवताना तेही बघितलं जातं. सबस्क्रिप्शन काढलं, Liked videos च्या यादीत जाऊन दोन्ही लाइक काढले, मग ते थांबलं.

म्हणून हिस्टरी पुसूनही फरक पडला नाही असं कोणी सांगितलं की मी आधी या दोन याद्या बघायला सांगतो. तिसरी शक्यता साधी आहे: घरातलं दुसरं उपकरण तेव्हा इंटरनेटला जोडलेलं नसेल तर बदल तिथे पोचायला काही तास लागू शकतात. आणि चौथी, तुम्ही एका खात्याची हिस्टरी पुसली आणि टीव्हीवर दुसरंच खातं चालू आहे. प्रत्येक खात्याची हिस्टरी स्वतंत्र असते. टीव्हीच्या कोपऱ्यातलं प्रोफाइलचं चित्र एकदा निरखून बघा.

घरात कोणाचं तरी आजारपण होतं. ते संपलं, पण त्या आजाराचे व्हिडिओ पाठ सोडत नाहीत. फक्त तेवढंच काढता येतं का?

येतं, आणि हे करावंच असं मला मनापासून वाटतं. होमपेज उघडताना दर वेळी तो विषय समोर येणं फार जड जातं.

हिस्टरीच्या पानावर वर शोधायची जागा असते. तिथे आजाराचं नाव टाका. त्या शब्दाच्या सगळ्या नोंदी, बघितलेल्या आणि शोधलेल्या, एकत्र समोर येतात आणि सापडलेल्या नोंदी एकदम पुसता येतात. पण हा शोध फक्त नोंदीत लिहिलेले शब्द बघतो, म्हणजे शीर्षक किंवा चॅनेलचं नाव. "या तीन सवयी आजच सोडा" असं नाव असलेला व्हिडिओ त्या आजारावरच असला तरी सापडणार नाही. म्हणून तोच आजार मराठीत, हिंदीत, इंग्रजीत, औषधाच्या नावाने आणि ज्या डॉक्टरांचे व्हिडिओ सतत बघितले त्यांच्या चॅनेलच्या नावाने, असा चार-पाच वेळा शोध घ्या. उरलेले तुरळक व्हिडिओ तारखांवरून यादी चाळून एकेक काढा.

गूगल सर्चमध्ये केलेले शोधही लक्षात ठेवा. त्यांची नोंद Web & App Activity या वेगळ्या खणात असते, आणि खात्यातल्या इतर हालचालींचा उपयोग यूट्यूबच्या सजेशनसाठी होऊ शकतो. तिथेही तोच शब्द टाकून पुसा.

पुसण्याऐवजी "Not interested" दाबलं तर पुरेसं नाही का?

एखाद्या व्हिडिओपुरतं ठीक, पण विषयापुरतं बहुतेक वेळा नाही. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने 2022 मध्ये वीस हजारांहून जास्त स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधून गोळा केलेल्या माहितीवर याचा अभ्यास केला होता. नको असलेल्या सजेशनपैकी किती थांबली हे त्यांनी बटणागणिक मोजलं. "Not interested" ने 11 टक्के, डिसलाइकने 12 टक्के, वॉच हिस्टरीतून व्हिडिओ काढल्याने 29 टक्के आणि "Don't recommend channel" ने 43 टक्के. यातला कोणताही उपाय रामबाण नाही. पण क्रम बघा. चॅनेल नको असेल तर थेट चॅनेलला नकार द्या. विषय नको असेल तर हिस्टरीतून काढा. नुसती नापसंती दाखवणं सगळ्यात दुबळं.

सर्चच्या चौकटीत जुने शोध दिसतात. तेही हिस्टरी पुसली की जातात का?

ज्यांच्या शेजारी घड्याळाचं चिन्ह असतं, ते तुमचे स्वतःचे जुने शोध. ते जातात. एखाद-दुसराच नको असेल तर अ‍ॅपमध्ये त्यावर बोट दाबून धरा, काढायचा पर्याय येतो. भिंगाचं चिन्ह असलेल्या सूचना वेगळ्या. बाकीचे लोक काय शोधतात त्यावरून त्या येतात. तुम्ही काहीही पुसलं तरी त्या राहणारच. त्यात काही नकोसं दिसलं तर तो तुमच्या शोधाचा पुरावा नाही, एवढं घरच्यांनाही सांगून ठेवा. यावरून गैरसमज होताना मी बघितले आहेत.

सगळी हिस्टरी पुसली तर होमपेजवर काय उरतं?

हिस्टरी पुसली आणि नोंदही बंद ठेवली, तर होमपेज जवळजवळ कोरं दिसतं. ऑगस्ट 2023 पासून यूट्यूबने तसं केलं आहे: वॉच हिस्टरी बंद आणि आधीची म्हणावी तशी नोंद नाही, तर फक्त शोधायची चौकट आणि बाजूचा मेनू. काहींना हे बिघाड वाटतो. काहीजण मुद्दाम तसं ठेवतात, कारण मग जे बघायचं ते शोधूनच बघावं लागतं आणि तासन्‌तास वाहवत जाणं कमी होतं. सबस्क्रिप्शनचं पान मात्र चालूच राहतं, तिथे आपली चॅनेल मिळतात.

हिस्टरी पुसली पण नोंद चालू ठेवली, तर पहिले काही दिवस जरा जपून वापरा. सरासरीचा हिशेब इथे पुन्हा आठवा. पन्नास व्हिडिओंमध्ये एका व्हिडिओचं वजन पन्नासावा भाग. फक्त तीनच व्हिडिओ नोंदवलेले असतील तर एकाचं वजन तिसरा भाग. त्यामुळे पुसल्यानंतर पहिल्या दिवशी कोणीतरी पाठवलेली भलतीच लिंक उघडली तर होमपेज तिकडेच धावतं. अशा लिंक त्या आठवड्यात इन्कॉग्निटोमध्ये उघडा.

आणखी एक छोटा तोटा: अर्धवट बघितलेल्या व्हिडिओंखालची लाल रेघ जाते. कुठवर बघितलं होतं ते पुन्हा शोधावं लागतं. लांबलचक व्याख्यानमाला अर्ध्यावर असेल तर आधी भाग आणि मिनिटं कुठेतरी लिहून ठेवा.

व्हिडिओ बघताना शेजारी येणारी यादी तर तशीच राहते?

हो, ती फारशी बदलत नाही. त्या यादीवर चालू व्हिडिओचाच प्रभाव जास्त असतो. सायकलच्या ब्रेकचा व्हिडिओ लावला की शेजारी ब्रेकचेच व्हिडिओ येणार, हिस्टरी कोरी असली तरी. पुसल्याचा परिणाम होमपेजवरच तपासा.

अ‍ॅपमधलं इन्कॉग्निटो वापरलं तर नोंद होत नाही ना?

खात्यात नाही. पण 90 मिनिटं काही हालचाल झाली नाही तर अ‍ॅप त्यातून बाहेर पडतं आणि पुन्हा तुमच्या खात्यात येतं. मुलांच्या हातात फोन देताना हे विसरू नका. इंटरनेट पुरवणाऱ्याला किंवा ऑफिसच्या नेटवर्कला तुम्ही यूट्यूबवर आहात हे तरीही कळू शकतं.

आपोआप पुसायची मुदत किती ठेवावी?

पर्याय तीन आहेत: 3, 18 आणि 36 महिने. नव्या खात्यांवर यूट्यूबसाठी मुळात 36 महिने लावलेलं असतं. मी 3 ठेवतो. जी आवड टिकून आहे तिचे व्हिडिओ तीन महिन्यांत पुन्हा पुन्हा नोंदले जातातच, आणि जी संपली ती आपोआप गळून जाते. ज्यांना "मागच्या वर्षी बघितलेला तो व्हिडिओ" हिस्टरीत शोधायची सवय आहे, त्यांनी 18 ठेवावं.

मी पुसलं की गूगलकडूनही लगेच पुसलं जातं का?

तुमच्या नजरेसमोरून लगेच जातं आणि सजेशनसाठी वापरणं थांबतं. सर्व्हरवरून पूर्ण नाहीसं व्हायला, गूगलने स्वतः सांगितल्याप्रमाणे, साधारण 2 महिने लागतात. बॅकअपच्या प्रती 6 महिन्यांपर्यंत राहू शकतात.

चुकून सगळं पुसलं गेलं. परत मिळेल का?

नाही. पूर्वस्थितीत आणायचं बटण नाही. आधी टेकआउटची फाइल काढून ठेवली असेल तर काय बघितलं होतं ते वाचता येतं, पण ती फाइल खात्यात परत भरता येत नाही. अशा वेळी उपाय एकच: त्या फाइलमधली नावं बघून आपली नेहमीची आठ-दहा चॅनेल शोधा, प्रत्येकाचा एखादा व्हिडिओ खरोखर बसून बघा. नोंदी मोजक्याच असल्याने प्रत्येकाचं वजन जास्त पडतं आणि दोन-तीन दिवसांत होमपेज पुन्हा आपल्या विषयांकडे वळायला लागतं.